जिभेवरचा खडा

मिरजेच्या मावशीकडे आइस्क्रीमचा पॉट होता. लाकडी बादली, तिच्या मधोमध पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पात्यांची फिरकी आणि वर दातेरी चाकाला जोडलेलं हँडल. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं जमलो की काका सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन यायचे. ती मागच्या अंगणातल्या फरशीवर फोडायची. डब्याभोवती एक थर बर्फाचा, एक मूठ खडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मग आम्ही पाळीपाळीने हँडल फिरवायचो. कुणी दमून थांबलं की मावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, हात थांबवू नका रे, खडे धरतील!"

खडे धरतील म्हणजे नेमकं काय होईल, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. हँडल जड होत जायचं, शेवटी मोठ्या दादालाही फिरेना की मावशी पदराला हात पुसत यायची आणि झाकण उघडायची. त्याआधी झाकणावरचं खारं पाणी ती फडक्याने अगदी निपटून काढायची. एका वर्षी ते पुसायचं राहिलं आणि सगळा डबा खारट झाला, ती आठवण अजून घरात निघते. पण खडा मात्र त्या आइस्क्रीममध्ये मला कधी लागला नाही.

मला तो लागला पुढे कितीतरी वर्षांनी, पुण्यात, माझ्या स्वतःच्या फ्रीजमधल्या डब्यात. हापूसच्या पेटीतले शेवटचे आंबे होते. लिटरभर म्हशीचं दूध तापवून गार केलं, त्यात चारशे ग्रॅम आमरस आणि शंभर ग्रॅम साखर घातली, मिक्सरमधून फिरवलं आणि स्टीलच्या उभ्या डब्यात भरून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी डाव आत जाईना. सुरी तापवून एक तुकडा काढला तर त्याच्या कापलेल्या अंगावर काड्याच काड्या दिसत होत्या. डब्याच्या कडेकडून मध्याकडे गेलेल्या, काचेच्या चुऱ्यासारख्या चमकणाऱ्या, अर्धा-पाऊण इंच लांब. वर सायीचा पिवळट थर वेगळा जमला होता. तोंडात घातल्यावर आधी नुसता बर्फ, कचकच चावला जाणारा, आणि तो विरघळून गेल्यावर मागून आंब्याची चव. दूध चांगलं, आंबा चांगला, आणि तरीही खाण्याजोगं काही नाही. त्या काड्या बघताना मावशीची हाक पहिल्यांदा नीट ऐकू आली.

खडा धरतो तो पाण्याचा. दुधातली साय, साखर, आंब्याचा गर यांतलं काहीच तसं गोठत नाही; गोठतं ते पाणी. आणि पाण्याची रीत अशी की गोठताना ते शुद्ध होतं. स्फटिकात फक्त पाण्याला जागा असते, साखर आणि साय बाहेर ढकलली जातात. त्यामुळे मागे उरलेला पाक अधिकाधिक दाट आणि गोड होत जातो, आणि तो जितका दाट तितका गोठायला अवघड. आइस्क्रीमचं मिश्रण उणे अडीच अंशांच्या आसपास गोठू लागतं, पण उणे अठराला पोचलं तरी त्यातलं सुमारे पाऊण हिस्साच पाणी बर्फ झालेलं असतं. उरलेला पाव हिस्सा घट्ट पाकाच्या रूपात राहतो, म्हणूनच डाव आत जातो. तेव्हा आइस्क्रीममध्ये बर्फ नको असं म्हणण्यात अर्थ नाही. बर्फ हवाच, पण त्याचे कण इतके बारीक हवेत की जिभेला कळू नयेत. साधारण ५० मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढा कण झाला, की जीभ त्याला ओळखते.

कण बारीक राहणं किंवा मोठा होणं ठरतं ते वेळेवर. मिश्रण झपाट्याने गार झालं तर एकाच वेळी असंख्य ठिकाणी बर्फाचं बीज पडतं आणि असलेलं पाणी त्या सगळ्यांत वाटलं जातं. हळूहळू गार झालं तर बीजं थोडी पडतात, आणि पुढचं सगळं पाणी त्यांच्याच अंगावर चढत जातं. माझ्या उभ्या डब्यात हेच झालं होतं. कडेला थोडे स्फटिक धरले आणि रात्रभर ते निवांतपणे आत वाढत गेले. पॉटमध्ये मीठ घातलेला बर्फ शून्याच्या कितीतरी खाली, अगदी उणे वीस अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि पत्र्याला तो चहूबाजूंनी भिडलेला असतो. कडेला बर्फाचा पापुद्रा धरला रे धरला की लाकडी पातं तो खरवडून मधे आणतं. नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी १८४३मध्ये हाताने फिरवायच्या अशा पॉटचं पेटंट घेतलं. झपाट्याने गार करणं आणि सतत खरवडणं या दोन्ही गोष्टी त्या एका बादलीत एकत्र आल्या होत्या.

पॉट नसेल तर त्या दोन्ही वेगवेगळ्या कराव्या लागतात. पण त्याच्याही आधी एक तिसरी गोष्ट येते, आणि ती आपल्याकडच्या कुल्फीवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुल्फी कुणी घुसळत नाही. दूध आटवून आटवून त्यातलं पाणीच कमी करतात, आणि बारीक साच्यांत भरून मीठ-बर्फाच्या माठात गोठवतात. साचा अरुंद, म्हणून गारवा मध्यापर्यंत लवकर पोचतो. घुसळण नसल्यामुळे हवा भरली जात नाही आणि कुल्फी घट्ट लागते, पण कचकचत नाही.

त्या सकाळी मी वही घेऊन हिशेब मांडला. माझ्या मिश्रणाचं वजन दीड किलोच्या आसपास होतं. लिटरभर दुधात पाणीच साडेआठशे ग्रॅमच्या वर, आमरसात आणखी सव्वातीनशे. शंभर भागांत जवळपास अठ्ठ्याहत्तर भाग पाणी. इतकं पाणी असलेली वस्तू फ्रीजरमध्ये ठेवून मऊ राहील ही अपेक्षाच चुकीची होती. पुढच्या वेळी तेच लिटरभर दूध पसरट कढईत मध्यम आचेवर सहाशे मिलीलिटरपर्यंत आटवलं. कडेला धरलेली साय उलथन्याने सतत दुधात सोडत राहिले, नाहीतर तिचे कडक पापुद्रे होतात. उतरवण्यापूर्वी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून त्यात ओतलं आणि उकळी फुटल्यावरही दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवलं. चमच्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की झालं. साखर दीडशे ग्रॅम. गार झाल्यावर तीनशे ग्रॅम आमरस आणि दोनशे ग्रॅम गार क्रीम. पुन्हा हिशेब केला तर पाणी शंभरात सदुसष्ट भागांवर आलं होतं. वहीवर अकरा भागांचाच फरक दिसत होता, पण तोंडात तो मला सर्वांत मोठा वाटला.

कॉर्नफ्लोअर इथे दाटपणासाठी तर असतंच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. पाण्याला इकडून तिकडे सहज जाता आलं नाही तर ते स्फटिकाच्या अंगावर चढायला पोचतही नाही. आमच्या आयांच्या वह्यांमध्ये आइस्क्रीमच्या कृतीत जीएमएस आणि सीएमसी अशी दोन कोडी असायची. केकच्या सामानाच्या दुकानात त्यांच्या पुड्या अजूनही मिळतात. सीएमसी पाणी बांधतं, तेही कॉर्नफ्लोअरपेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून ते लिटरभर दुधाला पाव चहाचा चमचा पुरतं. जास्त झालं तर आइस्क्रीम डिंकासारखं तार धरतं. जीएमएस सायीच्या कणांना फेटताना हवा धरायला मदत करतं. दोन्ही घातलं तर काम सोपं होतं यात शंका नाही. पण दूध नीट आटवलं असेल तर मला त्यांची गरज भासत नाही, आणि आटीव दुधाची चव मला हवीच असते.

आटवण्याचा कंटाळा म्हणून एकदा दुधाच्या पावडरीचा मार्ग धरला होता. पाच-सहा मोठे चमचे पावडर घातली, पाणी कमी झालं, पहिल्या दिवशी सगळं छान लागलं. पाच दिवसांनी त्याच डब्यात रेती आल्यासारखं वाटू लागलं. माझी मोठी जाऊ नागपूरहून आली होती, दुधाच्या धंद्यातल्या घरात वाढलेली. मी म्हटलं, "वहिनी, बघा ना, पुन्हा बर्फ धरला." त्यांनी चमचाभर जिभेवर घेतलं, टाळूला दाबून धरलं आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबल्या. "अगं, हा बर्फ नाही," त्या म्हणाल्या. "बर्फ असता तर एव्हाना विरला असता. ही दुधातली साखर आहे."

दुधाच्या पावडरीत जवळजवळ निम्मी दुधाचीच साखर असते, लॅक्टोज. ती पाण्यात फार विरघळत नाही. मिश्रणात ती मर्यादेपेक्षा जास्त झाली, की थंडीत दाट होत गेलेल्या पाकातून ती हळूहळू बाहेर पडते आणि तिचे कडक कण तयार होतात. तेव्हापासून मी कुठलंही बिघडलेलं आइस्क्रीम तसंच तपासते. टाळूला दाबल्यावर खडा कचकचला आणि लगेच पाणी झालं तर तो बर्फ. दाबूनही रेती तशीच राहिली आणि मागाहून विरली तर ते लॅक्टोज, पावडर कमी करा. खरखर नाही पण टाळूला तुपट थर चिकटला तर फेटताना लोणी आलं आहे. आणि नुसती पिठूळ चव असेल तर कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलं आहे. चारही वेळा आपण 'बर्फ झाला' म्हणूनच तक्रार करतो, आणि चारही वेळा उपाय निराळा असतो.

आता गोठवण्याकडे येते. मिश्रण फ्रीजरमध्ये जाण्यापूर्वी पूर्ण गार हवं. नुसतं निवलेलं चालणार नाही. खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून हाताला थंडगार लागेल असं हवं. कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते गोठायच्या आधी फ्रीजरलाच गरम करतं. शिवाय त्या रात्रीत सायीचे कण घट्ट होतात आणि पुढे फेटल्यावर हवा नीट धरतात. आंब्याचा रस मी या गार मिश्रणातच घालते. गरम दुधात घातला तर आंब्याच्या आंबटपणाने दूध फाटण्याची भीती असते. आंब्याच्या कच्च्या फोडी मात्र कधीच घालत नाही. फोडीतलं पाणी एकटं गोठतं आणि दाताखाली गारेसारखा तुकडा येतो. फोडी हव्याच असतील तर साखरेत दोन-तीन तास मुरवून, सुटलेलं पाणी निथळून घालाव्यात.

भांडं पसरट हवं. मी ॲल्युमिनिअमचा केकचा चौकोनी ट्रे वापरते आणि त्यात मिश्रण दीड इंचापेक्षा उंच भरत नाही. थराची जाडी दुप्पट केली तर गोठायला लागणारा वेळ दुपटीहून बराच जास्त होतो, कारण आतला गरमपणा बाहेर पडायचा तो आधीच गोठलेल्या थरातून वाट काढत. ट्रे आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड केलेला असतो. फ्रीजचं बटण आदल्या रात्रीच सर्वांत थंडवर फिरवून ठेवते, आणि ट्रे फ्रीजरच्या तळाला थेट टेकेल अशी जागा मोकळी करते. मटारच्या पिशव्यांवर ठेवलेला ट्रे अधांतरीच राहतो. एकदाराच्या फ्रीजचा वरचा कप्पा वेगळ्या दाराच्या फ्रीजरइतका गार नसतो. ज्यांच्याकडे तसा फ्रीज आहे त्यांनी मिश्रण निम्मंच घ्यावं.

एवढं करूनही स्वयंपाकघरातला फ्रीजर मीठ-बर्फाच्या वेगाने गोठवू शकत नाही. तिथे लाकडी पात्याचं काम हाताने करावं लागतं. साधारण दीड तासाने ट्रे काढून बघायचा. कडेचा इंचभर पट्टा गोठलेला आणि मधलं मिश्रण अजून कढीसारखं हलतंय, ही नेमकी वेळ. याच्या आधी काढलं तर मोडायला काही नसतं, आणि मधलंही घट्ट झाल्यावर काढलं तर खडे वाढून बसलेले असतात. कडा उलथन्याने खरवडून मिश्रण थंड केलेल्या मिक्सरच्या भांड्यात घालायचं आणि पाच-पाच सेकंदांचे चार-पाच फेरेच द्यायचे. मिक्सरची पाती गरम होतात आणि जास्त फिरवलं की सगळं वितळतं. वितळलं तर केलेली मेहनत वाया जाते, कारण मोडलेले बारीक कण हेच पुढच्या गोठण्याचं बीज असतात. ते पाण्यात गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जास्त फिरवण्याचा दुसरा तोटा म्हणजे लोणी. म्हणून मिश्रण भांड्यातून दाट, ओघळणाऱ्या लगद्यासारखं बाहेर पडलं पाहिजे, श्रीखंडाहून थोडं सैल. तसंच परत ट्रेमध्ये, पुन्हा फ्रीजरमध्ये. तासाभराने दुसऱ्यांदा, आणि पुन्हा तासाभराने तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मी मिक्सर न वापरता काट्याने मोडते, कारण तोवर धरलेली हवा मला जायला नको असते.

क्रीम मी आता दुसऱ्या फेरीत घालते, ते वेगळं फेटून. बाजारात खोक्यात मिळणारं साधं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम फेटून फुगत नाही, थोडं हलकं होतं इतकंच. फुगायला त्यात तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश हवा. फुगलेलं क्रीम असेल तर त्यातले हवेचे बुडबुडे स्फटिकांच्या मधे येतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. म्हणूनच घट्ट फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र करून एकदाही न मोडता गोठवलेलं आइस्क्रीमही मऊ होतं. त्यात पाणी मुळातच फार थोडं असतं आणि साखर भरपूर. ते सोपं आहे, बिघडत नाही, पण इतकं गोड होतं की त्यात हापूस कळत नाही. व्हॅनिलाला किंवा कॉफीला चालेल. हापूससाठी मी ते करणार नाही.

शेवटची फेरी झाल्यावर आइस्क्रीम झाकणाच्या डब्यात भरायचं आणि पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर दाबून बसवायचा. मोकळी जागा राहिली तर आइस्क्रीममधलाच ओलावा वर येऊन त्याचं दहिवर धरतं. मग सहा-सात तास हलवायचं नाही.

ट्रेमध्ये कितीही काळजी घेतली तरी खडे पुढेही वाढत राहतात, आणि घराघरांत आइस्क्रीम बिघडतं ते बहुतेक इथेच. दार उघडलं, डबा पंगतीत पंधरा मिनिटं फिरला, दुपारी दोन तास वीज गेली, की आतलं तापमान थोडं वर येतं. सर्वांत बारीक कण आधी वितळतात. पुन्हा गार झाल्यावर ते पाणी नवे बारीक कण करत नाही, उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं. असं दहा वेळा झालं की पहिल्या दिवशी लोण्यासारखं लागलेलं आइस्क्रीम दहाव्या दिवशी कचकचू लागतं. आपोआप दहिवर वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये हे फेरे कुणी दार न उघडताही चालू असतात. यावर घरात पूर्ण उपाय नाही. डबे लहान भरावेत, म्हणजे एक काढला की तो तिथेच संपतो, आणि ते दाराजवळ न ठेवता मागच्या भिंतीला लावून ठेवावेत.

गेल्या मे महिन्यात मावशी आठ दिवस माझ्याकडे होती. ब्याऐंशी वर्षांची, दात थोडे उरलेले, थंड सोसत नाही म्हणत होती. तिला चमचाभर दिलं. तिने ते वहिनींसारखंच टाळूला दाबून धरलं, मग म्हणाली, "पॉट कुठनं आणलास?" मी तिला ट्रे दाखवला.

हापूस सरण्याआधी एकदा करून पाहा. पहिल्या दीड तासात फ्रीजपासून लांब जाऊ नका, आणि केलेलं आठ दिवसांच्या आत संपवा. उरलंच तर गार दुधात घुसळून प्यायला चांगलं लागतं; पुन्हा गोठवू नका.